सारांशातले वाक्य आणि आतला पुरावा

“सारांशात थोडे सोपे करून लिहावेच लागते, त्याने निष्कर्ष बदलत नाही.”

सोपे करताना अनिश्चितता गळून पडली, तर निष्कर्ष नक्कीच बदलतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) जून २०१५ मध्ये फ्रॅकिंग, म्हणजे उच्च दाबाने द्रव सोडून खडक फोडत तेल व वायू काढण्याची पद्धत, आणि पिण्याचे पाणी यांविषयीच्या अहवालाचा मसुदा प्रसिद्ध केला. पाण्यावर ‘व्यापक, व्यवस्थागत परिणाम’ झाल्याचा पुरावा आढळला नाही, असे त्याच्या सारांशात म्हटले होते आणि बातम्यांत तेच वाक्य गाजले. आतल्या प्रकरणांत मात्र पाणी दूषित झाल्याच्या घटना होत्या आणि असे किती ठिकाणी घडले हे ठरवण्याइतकी माहितीच उपलब्ध नसल्याची कबुलीही होती. संस्थेच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये या विधानाला पुरेसा संख्यात्मक आधार नसल्याचे कळवले आणि डिसेंबरमधील अंतिम अहवालातून ते वगळले गेले.

म्हणून अहवालाच्या मसुद्यावर अभिप्राय देताना ‘सारांश जुळत नाही’ एवढेच लिहू नये. सारांशातील प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार असलेल्या परिच्छेदाचा क्रमांक मागावा, आणि ‘आढळले नाही’ असे असेल तेथे शोध कितपत घेतला होता, हे त्याच वाक्यात लिहिण्याचा आग्रह धरावा.