मालिकेचं थंबनेल एकाच साच्यात ठेवावं का? सीटीआर घसरतोय, सल्ला हवा

जुना_रेडिओ
मी YouTube वर जुने रेडिओ दुरुस्त करण्याची मालिका करतो. पहिल्या भागापासून थंबनेलचा साचा एकच आहे: डावीकडे पिवळी पट्टी, तिच्यात मोठ्या अक्षरांत 'भाग अमुक', उजवीकडे उघडलेला रेडिओ. चौथ्या भागाचा पहिल्या आठवड्यातला सीटीआर ७ टक्के होता, एकोणिसाव्याचा ३.७. लोकांना साच्याचा कंटाळा आला असं समजायचं का? साचा मोडला तर नेहमीचे प्रेक्षक भाग ओळखणार नाहीत, ही धास्ती आहे. हे ठरवायचं कसं?

खटपट्या
सरळ आहे, डोळे सरावले की माणूस पुढे सरकतो. दर दहा भागांनी रंग बदला. आणि सबस्क्राइबरांचा सीटीआर वेगळा काढून बघा. तो पडला असेल तर साचाच दोषी.

सतरंगी
फोटो कुठल्या मापात टाकता? १२८० बाय ७२० च्या खाली गेलात तर टीव्हीवर पुसट दिसतो. शिवाय उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ येते, तिथे अक्षरं ठेवू नका.

जुना_रेडिओ
@सतरंगी माप तेच आहे आणि कोपराही मोकळा आहे. प्रश्न एका फोटोचा नाही, सगळे सारखे दिसण्याचा आहे.

अक्षरवाट
सात आणि ३.७ हे आकडे असे शेजारी ठेवून काहीच ठरणार नाही. स्टुडिओत Advanced mode उघडा, दोन्ही भागांचा पहिला आठवडा घ्या आणि इम्प्रेशन Traffic source प्रमाणे फोडा. `Browse features` आणि `Suggested videos` या दोन ओळी इथे द्या, मग बोलू.

@खटपट्या, सबस्क्राइबर आणि इतर अशी फोड व्ह्यूजची मिळते, इम्प्रेशनची मिळत नाही. त्यामुळे तो सीटीआर काढता येत नाही. सरावलेल्या डोळ्यांचं मात्र तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, त्याकडे येतो.

जुना_रेडिओ
गोल आकडे देतो. बाकीचे स्रोत किरकोळ आहेत, ते सोडले.
भाग ४: Browse ८,००० इम्प्रेशन, ८ टक्के. Suggested २,०००, ३ टक्के.
भाग १९: Browse १०,०००, ७.४ टक्के. Suggested ३०,०००, २.५ टक्के.

अक्षरवाट
आता बघा. चौथ्या भागाची बहुतेक इम्प्रेशन होमवर, म्हणजे बरीचशी तुम्हाला आधीपासून ओळखणाऱ्यांपुढे गेली. एकोणिसाव्या भागाची तीन चतुर्थांश इम्प्रेशन दुसऱ्या व्हिडिओंच्या शेजारी लागली. तिथला माणूस भलतंच काही बघत बसलेला असतो, त्यामुळे तिथे सीटीआर कमीच असतो, थंबनेल कसंही असो.

थंबनेलने मुळीच काही बिघडवलं नाही असं धरा. म्हणजे एकोणिसाव्या भागालाही होमवर ८ आणि शेजारी ३ टक्केच मिळाले. १०,००० चे ८ टक्के ८००, ३०,००० चे ३ टक्के ९००. एकूण १,७०० क्लिक, ४०,००० इम्प्रेशनवर. सीटीआर येतो ४.२५. म्हणजे सातवरून सव्वाचारपर्यंतची घसरण निव्वळ प्रेक्षक बदलल्याची आहे. सव्वाचार ते ३.७, एवढ्या अर्ध्या टक्क्याचाच जाब विचारायचा आहे, आणि तोही एकट्या साच्याला नाही. विषय, शीर्षक, तो रेडिओ किती लोकांच्या ओळखीचा, हे सगळं त्यात आलं. एका जोडीवर थांबू नका. सुरुवातीचे पाच-सहा आणि अलीकडचे पाच-सहा भाग घेऊन याच दोन ओळी मांडा. Browse ची ओळ भागागणिक हळूहळू उतरत असेल तर सरावलेल्या डोळ्यांचा संशय खरा. ती वरखाली होत असेल तर विषयाचा परिणाम समजा.

मीनाक्षी_गोष्टी
माझा अनुभव अगदी वेगळा आहे. मी लहान मुलांच्या गोष्टी करते. मुलांना वाचता येत नाही, ती निळी चौकट बघून बोट ठेवतात. मध्ये मी चौकट काढली तर पालकांनी विचारलं, नवीन गोष्टी बंद केल्या का? मी तर साचा कधीच सोडणार नाही. सीटीआर फारसा हलला नव्हता तरीही.

अक्षरवाट
मीनाक्षीताई, सीटीआर न हलण्याचं एक कारण असं असू शकतं: YouTube Kids ॲपमधली इम्प्रेशन त्या आकड्यात धरतच नाहीत. एंड स्क्रीन आणि नोटिफिकेशनचंही तसंच. मालिकेचा पक्का प्रेक्षक नेमका याच वाटांनी येतो, म्हणून सारखेपणाचा काही फायदा सीटीआरमध्ये कधी दिसतच नाही.

खटपट्या
मग Test & compare लावून मोकळे व्हा ना. तीन थंबनेल टाका, जास्त क्लिकवालं जिंकेल.

अक्षरवाट
लावा, पण निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तिथे विजेता क्लिकवर ठरत नाही, वॉच टाइमच्या वाट्यावर ठरतो. आपल्याला ते बरंच आहे, कारण भडक थंबनेलला क्लिक मिळतात आणि माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो.

दुसरी जास्त महत्त्वाची. रेडिओचा फोटो तोच, शब्द तेच, फरक फक्त पिवळ्या पट्टीचा, अशी जोडी लावा. समजा बिनपट्टीचं जिंकलं. त्यावरून सगळ्या मालिकेची पट्टी काढली तर तेवढाच फायदा मिळेल असं नाही. बाकीचे अठरा भाग पिवळे आहेत म्हणून ते एक उठून दिसलं. पिवळ्या साड्यांच्या रांगेत एक हिरवी असली की नजर तिच्यावर जाते, सगळ्याच हिरव्या झाल्या की जात नाही. उलट पट्टीने भागामागून भाग साठलेली ओळख एका व्हिडिओच्या चाचणीत मोजलीच जात नाही. म्हणून ही चाचणी बदलाच्या बाजूला झुकते.

मी ती दोन ठिकाणी लावतो. एक अगदी नव्या भागावर, तिथे नेहमीचे लोक जास्त असतात. दुसरी अशा जुन्या भागावर, ज्याला अजूनही Suggested मधून स्थिर गर्दी येते. तिथे बहुतेक अनोळखी लोक. नव्यावर पट्टी टिकली आणि जुन्यावर हरली, तर पट्टी ओळखीच्यांना उपयोगी आणि अनोळख्यांना अडसर आहे. मग सगळा साचा न मोडता तिच्यातलं काय अडतंय ते शोधा. माझा पहिला संशय 'भाग १९' या अक्षरांवर आहे. नव्या माणसाला वाटतं, आधीचे अठरा बघितल्याशिवाय हे कळणार नाही.

मीनाक्षी_गोष्टी
आकडा काढू नका हो! कुठवर बघितलं ते लोकांना त्यावरूनच कळतं.

अक्षरवाट
शीर्षकाच्या शेवटी ठेवता येईल. पण प्रत्येक भाग आधीच्यावर बेतलेला असेल तर तुमचं बरोबर, आकडा थंबनेलवरच हवा.

जुना_रेडिओ
पाच-पाच भाग मांडून बघितले. Browse ची ओळ सलग उतरत नाहीये. प्रसिद्ध मॉडेल असलं की वर, अनोळखी असलं की खाली. Suggested मात्र बाराव्या भागापासून सगळीकडे अडीचच्या आसपासच आहे. माझे भाग एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून पट्टी ठेवून तिच्यात आकड्याऐवजी बिघाडाचं नाव टाकतो, 'घरघर', 'आवाजच नाही' असं. आधी सातव्या भागावर चाचणी लावतो, त्याला अजून गर्दी आहे.

खटपट्या
म्हणजे एका वेळी पट्टीतली अक्षरंच बदलताय. पण बाराव्यापासूनच का? तेव्हाच इम्प्रेशन वाढली, की शीर्षकाची पद्धत बदलली? आकडा तर पहिल्या भागापासून आहे.

जुना_रेडिओ
शीर्षकं तशीच आहेत. इम्प्रेशन त्याच सुमारास वाढली खरी. बारावा भाग कोणकोणत्या व्हिडिओंच्या शेजारी लागला ती यादी काढून टाकतो.