वडिलांच्या यंत्राचा शॉक बंद करायचा का?

सांगलीकर (मूळ पोस्ट): वडील ७४ वर्षांचे आहेत, बोलतात, चालतात. हृदयाची पंपिंग क्षमता २० टक्क्यांवर आली आहे आणि छातीत तीन तारांचे, शॉक देणारे यंत्र आहे. काल डॉक्टरांनी मला एकट्याला दाराबाहेर बोलावले आणि म्हणाले, "आता ते मशीन बंद करून टाकू आणि त्रास हलका करणाऱ्या पॅलिएटिव्हवाल्यांना दाखवू." ज्या यंत्रासाठी आम्ही शेत गहाण टाकले, तेच बंद करायला सांगणारा डॉक्टर हात झटकतो आहे, दुसरे काय? कोणी फसू नये म्हणून लिहिले.

तारवाला: सोळा वर्षे मी हीच यंत्रे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे ही पोस्ट वाचून गप्प बसवत नाही. तुमच्या वडिलांच्या यंत्रात दोन वेगळी कामे आहेत. हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एका वेळी आकुंचन पावावेत म्हणून तीन तारांतून मिळणारे हलके ठोके हे पहिले, आणि लय बिघडली की बसणारा शॉक हे दुसरे. बंद करायचे ते फक्त दुसरे. पहिल्यामुळे त्यांचा श्वास जो काही टिकून आहे तो टिकला आहे, म्हणून त्याला कोणीही शहाणा माणूस हात लावणार नाही. यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाचे टोक छातीवर ठेवून दहा मिनिटांत हे काम होते, सुई लागत नाही, रुग्णाला काहीही जाणवत नाही आणि मन बदलले तर तितक्याच वेळात शॉक पुन्हा चालू करता येतो.

आता कारण ऐका. शेवटच्या दिवसांत मूत्रपिंडे थकतात, पोटॅशियम वरखाली होते आणि लय वारंवार सुटते. समोरचा माणूस जाणारच आहे हे यंत्राला कळत नाही. ते तीस-पस्तीस जूलचा शॉक देते, लय पुन्हा सुटली की पुन्हा देते. स्वीडनमध्ये मृत्यूनंतर काढलेली १२५ यंत्रे वाचली गेली, तेव्हा ३१ टक्के रुग्णांना अखेरच्या चोवीस तासांत शॉक बसल्याचे आढळले.

न्यायप्रिय: तांत्रिक बाजू ठीक आहे, पण कायदा कोणी सांगायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानुसार जीवनरक्षक उपचार काढायचे तर दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. उद्या एखाद्या नातेवाइकाने तक्रार केली, तर शॉक बंद करणारा तंत्रज्ञ आधी अडकेल.

तारवाला: वकीलसाहेब, अर्धाच निकाल सांगू नका. ती मंडळे रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हासाठी आहेत, आणि ती प्रक्रियाही जानेवारी २०२३ मध्ये सोपी झाली. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच. यांचे वडील बोलतात, चालतात. त्यांना विचारले का, हाच खरा प्रश्न आहे.

न्यायप्रिय: मान्य, शुद्धीतल्या माणसापुरते मान्य. पण बेशुद्ध रुग्णाने आधी काहीच लिहून ठेवले नसेल, तर शॉक बंद करणे हे व्हेंटिलेटर काढण्यासारखे धरायचे की नाही, याचे उत्तर तुमच्याकडेही नाही.

कोथरूडची लेक: उत्तर नसल्याचा परिणाम आमच्या घरी बघायला हवा होता. बाबा घरीच होते. पहाटे तीनच्या सुमारास पहिला शॉक बसला, तेव्हा ते आईचा हात धरून पडले होते. उखळात मुसळ आदळावे तसे त्यांचे अंग उसळले. अर्ध्या तासात सात शॉक बसले. प्रत्येक वेळी ते शुद्धीवर येऊन "कोण मारतंय?" असे विचारत होते. आई आजही कुकरची शिट्टी झाली की दचकते. तीन महिन्यांत चार वेळा दाखल झालो, रक्तदाब ऐंशीवर आल्यामुळे एकेक गोळी कमी होत गेली, मूत्रपिंडे थकल्याचे सांगणारे क्रिएटिनिन वाढत गेले, आणि या सगळ्यात शॉकचे काय करायचे हे आम्हाला एकानेही विचारले नाही. सांगलीकर, तुमच्या डॉक्टरांनी निदान विषय काढला.

आईसाठी: माझ्या आईला पेसमेकर आहे. तो बंद केला तर ती खुर्चीतून उठणारही नाही. असले सल्ले उघडपणे देऊ नयेत.

तारवाला: ताई, पेसमेकरबद्दल इथे कोणीच बोलत नाही. कृपया वरचे पुन्हा वाचा.

कराडचे डॉक्टर: तंत्रज्ञांच्या उत्साहाला जरा आवर घालतो. माझ्या एका रुग्णाला असाच शॉक मार्चमध्ये बसला आणि त्याने मेमध्ये नातीचे लग्न पाहिले. लय सुटून झोपेत जाणे आणि महिनाभर धापा टाकत, पाय सुजून जाणे यांत पहिले मरण सुखाचे, हे मला कळते, पण कोणते केव्हा निवडायचे हे रुग्णाने ठरवायचे. पॅलिएटिव्ह म्हणजे हृदयाची औषधे थांबवणे, हाही गैरसमज आहे. लघवीची गोळी चालूच राहते, उलट रोजचे वजन पाहून ती घरीच कमीजास्त केली जाते. धापेसाठी मॉर्फिनचा अगदी छोटा डोस दिला जातो, आणि मूत्रपिंडे थकली असतील तर त्याहूनही जपून. हे सगळे शॉक चालू ठेवूनही सुरू करता येते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, तेही दाराबाहेर सांगणे ही त्या डॉक्टरांची चूकच.

तारवाला: ते वाक्य वाईट होते, हे मीही म्हणतो. "मशीन बंद" हे शब्द ऐकून कोणाचाही जीव दडपेल. बॅटरी बदलण्याच्या वेळी हा विषय शांतपणे निघायला हवा, पण तेव्हा सगळ्यांचे लक्ष बिलावर असते.

कोथरूडची लेक: बिलावरून आठवले. यंत्र बसवले त्या दिवशी कंपनीचा माणूस सकाळी सातला हजर होता. त्या पहाटे त्याच्या फोनवर मी अकरा वेळा रिंग दिली.

तारवाला: ही तक्रार खरी आहे. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाचत नाही, आणि लहान गावात प्रोग्रॅमर असतोच कुठे? म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला गोल चुंबक घरी ठेवायला सांगतो. तो डाव्या कॉलरबोनखालच्या फुगवट्यावर ठेवून चिकटपट्टीने बसवला की शॉक थांबतात. ठोके चालूच राहतात. चुंबक सरकला की शॉक पुन्हा सुरू.

कराडचे डॉक्टर: प्रत्येक कुटुंबाला? काही यंत्रांत चुंबकाला दाद देण्याची सोयच बंद केलेली असते. न तपासता घरी चुंबक देणे म्हणजे खोटा धीर देणे.

तारवाला: म्हणून तर आधी तपासून देतो! काही यंत्रांतून चुंबक ठेवताच बीप ऐकू येतो, तोही घरच्यांना ऐकवतो. सोळा वर्षांत एवढी अक्कल आली आहे.

कोथरूडची लेक: म्हणजे तो चुंबक त्या रात्री आमच्याकडे असता तर...

कराडचे डॉक्टर: ताई, तपासलेला असता, तर हो. तंत्रज्ञसाहेब, ही एक गोष्ट तुमची बरोबर, घ्या.

सांगलीकर: तुम्ही सगळे इतके शहाणे आहात तर माझ्या घरी येऊनच सांगायला हवे होते. असो. काल रात्री मीच वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी आधी विचारले, श्वासाचे ठोके राहणार ना? मग म्हणाले, दोन वर्षांपूर्वी गोठ्यात बसलेला तो झटका पुन्हा नको. आई मात्र तयार नाही आणि ती रात्रीपासून बोललेली नाही. गुरुवारची वेळ घेतली आहे. या वेळी डॉक्टरांना खुर्ची आत घ्यायला सांगणार आहे, बोलणे वडिलांसमोरच होईल. चुंबकाचे मी मानत नव्हतो, पण तो तपासून मागणार आहे.

न्यायप्रिय: वडिलांचे म्हणणे केस पेपरवर लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या.