मदत हवी आहे: प्रायोजक कंपनी मध्येच करार संपवतेय, 'अखर्चित' पैसे नेमके किती परत द्यायचे?

पंचवटी_चढाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पंचवटीतल्या एका कबड्डी मंडळाची सचिव आहे. मंडळ सोसायटी आणि सार्वजनिक न्यास, दोन्ही म्हणून नोंदलेलं आहे. मुलींच्या संघाला सातपूरच्या एका कंपनीचं प्रायोजकत्व होतं. १ जून ते ३१ मे असा वर्षाचा करार आणि एकूण ६ लाख, ३ लाखांच्या दोन हप्त्यांत. पहिला हप्ता जूनमध्ये आला, दुसरा डिसेंबरमध्ये यायचा होता. २८ नोव्हेंबरला त्यांचं पत्र आलं: व्यवस्थापन बदललं आहे, प्रायोजकत्व ३० नोव्हेंबरपासून बंद, अखर्चित रक्कम ७ दिवसांत परत करा.

करारात दोनच ओळी आहेत. "कोणताही पक्ष ३० दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपवू शकेल. मुदतीपूर्वी करार संपल्यास अखर्चित रक्कम १५ दिवसांत परत करावी." अखर्चित म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.

नोव्हेंबरअखेरचा खर्च असा: जर्सी आणि ट्रॅकसूट ६२,०००, प्रशिक्षकांचं मानधन दरमहा १०,००० प्रमाणे ६०,०००, मॅट आणि हॉलचं भाडं २४,०००, स्पर्धांचा प्रवास व जेवण ३८,०००. एकूण १,८४,०००. शिवाय जानेवारीच्या स्पर्धेसाठी बसला १५,००० आगाऊ दिलेत. कंपनीचा लोगो असलेल्या जर्सीच्या दुसऱ्या खेपेला ९,००० आगाऊ दिलेत आणि तेवढेच द्यायचे बाकी आहेत. प्रशिक्षकांना एक महिना आधी सांगायचं ठरलंय, म्हणजे डिसेंबरचे १०,००० द्यावेच लागतील.

कंपनी ३ लाखांतून १,८४,००० वजा करून १,१६,००० मागते. खात्यात ८६,००० आहेत. वर त्यांचा अकाउंट्सवाला फोनवर म्हणाला, "आम्ही जीएसटी भरलाय, तोही धरा." पैसे बुडवायचे नाहीत, पण मुलींच्या वाट्याचं काही चुकीनं जायलाही नको. काय उत्तर देऊ?

सिडको_स्मॅश

ताई, दुसरा चांगला प्रायोजक मिळाला म्हणून सोडताय का? तसं असेल तर आधी करारात एकाधिकाराची अट आहे का बघा. आमच्या बॅडमिंटन ग्रुपनं तसंच केलं आणि जुन्या प्रायोजकानं नव्या बॅनरवर हरकत घेतली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बॅनर उतरवावे लागले.

पंचवटी_चढाई

नाही दादा, सोडतेय ती कंपनी. पण अट आहे: याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचं नाव वर्षभर लावायचं नाही.

गोदाकाठचा_गडी

एक रुपया परत देऊ नका. मंडळाला दिलेली देणगी परत मागता येत नसते. उलट ३० दिवसांची सूचना दिली नाही म्हणजे करार त्यांनी मोडला. दुसऱ्या हप्त्याचे ३ लाख मागा.

हिशेब_रोकडा

गडीभाऊ, देणगीबद्दलचं तुमचं म्हणणं देणगीला लागू आहे, इथे नाही. देणगीच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळत नाही. इथे जर्सीवर लोगो आहे, मैदानावर फलक आहे, म्हणजे व्यवहार झाला, आणि परतीची अट मंडळानं स्वतः सही करून मान्य केली आहे. ताई, ८०जीची पावती दिली नव्हती ना? दिली असेल तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाईल.

सूचनेबद्दल मात्र गडीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. पत्र २८ नोव्हेंबरचं असेल तर करार २८ डिसेंबरला संपतो, ३० नोव्हेंबरला नाही. म्हणून त्या ३० दिवसांतला वाजवी खर्च कराराच्या आतलाच धरायचा आणि परतीचे १५ दिवसही तिथूनच मोजायचे. पण म्हणून पुढचे ३ लाख मिळणार नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली प्रत्यक्ष झालेलं नुकसान मागता येतं, आणि कंपनी ३० दिवसांची सूचना देऊन कायदेशीरपणे बाहेर पडू शकतच होती.

पंचवटी_चढाई

८०जीची पावती नाही, आम्ही बिल दिलं होतं. बँकेत २,९४,००० जमा झाले, ६,००० टीडीएस कापला.

हिशेब_रोकडा

मग तुमच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मी बाहेरगावच्या न्यासांचे हिशेब तपासतो, तिथेही हे नेहमी अडतं.

'अखर्चित' रक्कम काढताना तीन थर ठेवा. पहिला, खर्च होऊन गेलेले पैसे: १,८४,०००. दुसरा, आगाऊ दिलेले पण वस्तू किंवा सेवा अजून न मिळालेले: बस आणि जर्सी मिळून २४,०००. तिसरा, सूचना यायच्या आधी शब्द दिलेला आणि आता टाळता न येणारा: जर्सीचे उरलेले ९,००० आणि प्रशिक्षकांचे १०,०००. कंपनी फक्त पहिला थर वजा करतेय. तिन्ही वजा केले तर ३,००,००० मधून ७३,००० उरतात.

आता बँक बघा. ८६,००० मधून १९,००० ची देणी भागवली की ६७,००० राहतात. फरक ६,००० चा आहे, आणि तो टीडीएसचाच आहे. ते पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत, पण तुमच्या पॅनवर जमा आहेत, २६एएसमध्ये दिसतील. मंडळाचं विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळू शकतात. म्हणून आजच पूर्ण ७३,००० द्यायचं कबूल करून दुसऱ्या खात्यातून भर घालू नका. आत्ता ६७,००० द्या, आणि ६,००० आयकर परतावा जमा झाल्यावर देऊ, असं लिहा.

जीएसटीचं म्हणाल, तर तुमचं मंडळ कंपनी नाही. अशा संस्थेकडून कंपनीनं प्रायोजकत्व घेतलं की कर कंपनीनंच थेट सरकारला भरायचा असतो. १६ जानेवारी २०२५ पासून नियम बदलला, तो पैसे घेऊन लोगो लावणारी संस्था स्वतः कंपनी असेल तर त्यांच्यासाठी. ३ लाखांवर १८ टक्क्यांनी ५४,००० त्यांनी भरले असतील, पण ते तुमच्या खात्यातून गेलेले नाहीत. तुमच्या बिलात जीएसटीची रक्कम नसेल तर त्यातलं काही परत करायचा प्रश्नच येत नाही. ते त्यांनी त्यांच्या हिशेबात बघायचं.

अंबड_लेजर

मी कंपनीच्या बाजूनं बसतो, म्हणून सांगतो. आमच्याकडे हे आलं तर जर्सी आणि मानधन मान्य होईल. बस नाही. स्पर्धा जानेवारीत आहे आणि तेव्हा करार संपलेला असेल. संघ बसनं जाणार, फायदा मंडळाला, मग १५,००० आम्ही का सोसायचे?

हिशेब_रोकडा

बुकिंग झालं तेव्हा करार चालू होता आणि संघ कंपनीच्या नावानं खेळत होता. पण तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ताई, बसवाल्याकडून लिहून घ्या की रद्द केलं तर किती परत मिळतील. काहीच मिळणार नसेल तर खर्च अटळ होता असं म्हणता येईल. थोडे परत येत असतील तर तेवढे कंपनीचे.

जेलरोड_जलसा

आमचा अनुभव सांगतो. दुसऱ्या शहरातल्या प्रायोजकाचा कार्यक्रम पावसानं रद्द झाला, तेव्हा त्यांचा माणूस म्हणाला, परतीचे पैसे माझ्या खात्यावर टाका, मी कंपनीत भरतो. आमच्या खजिनदारानं ऐकलं नाही म्हणून वाचलो. नंतर कंपनीनं परत पत्र पाठवलं आणि त्या माणसाचं नावही त्यात नव्हतं. ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत जायला हवेत. रोख तर नकोच.

पंचवटी_चढाई

हे फार कामाचं. मग नुसत्या पत्रानं भागेल की वेगळा कागद करायचा?

हिशेब_रोकडा

दोघांच्या सह्यांचा कागद करा. उभयपक्षी संमतीनं जुना करार संपवता येतो, कलम ६२ त्यासाठीच आहे. तुम्हाला तो लागणारच, कारण एकाधिकाराची अट आणि दुसरा हप्ता हे दोन्ही विषय त्याशिवाय लटकत राहतील. ५०० च्या स्टॅम्पवर करा, जुन्या सीबीएसजवळ कोर्टाच्या परिसरात मिळेल. आधी कार्यकारी समितीचा ठराव घ्या. न्यासाचे पैसे बाहेर जाताहेत, तेव्हा ऑडिटरला ठरावाची प्रत दाखवावी लागेल. त्यांच्या बाजूनं सही करणाऱ्याचं अधिकारपत्रही मागा.

मजकूर साधारण असा:

"१. दिनांक … चा प्रायोजकत्व करार उभय पक्षांच्या संमतीने २८ डिसेंबर रोजी संपुष्टात येत आहे. त्या तारखेनंतर दुसऱ्या हप्त्याची देय जबाबदारी प्रायोजकावर राहणार नाही व इतर प्रायोजक घेण्याबाबत मंडळावर कोणतेही बंधन राहणार नाही.

२. सोबतच्या हिशेबपत्रकास उभय पक्षांनी मान्यता दिली आहे. त्यानुसार परतीची रक्कम ७३,००० रुपये. पैकी ६७,००० रुपये करार संपल्यापासून १५ दिवसांत, मूळ रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. उर्वरित ६,००० रुपये मंडळास आयकर परतावा मिळाल्यापासून १० दिवसांत.

३. आगाऊ रकमेपैकी काही परत मिळाल्यास तेवढी रक्कम मंडळ प्रायोजकास देईल.

४. खरेदी झालेले गणवेश मंडळाकडे राहतील. लोगो असलेली जर्सी ३१ मे पर्यंत वापरता येईल. नवीन छपाई होणार नाही.

५. ६७,००० रुपये जमा झाल्यावर, कलम २ व ३ मधील रकमा वगळता, उभय पक्षांचे परस्परांविरुद्ध कोणतेही येणे राहणार नाही."

पाचव्या ओळीतला क्रम बदलू नका. "सही करताच कोणतेही येणे नाही" असं लिहिलं तर पैसे देण्याआधीच तुमची बाजू मोकळी होते, म्हणून कंपनी ते मान्य करणार नाही. आणि 'कलम २ व ३ वगळता' हे शब्द गळले तर ६,००० वरून पुन्हा पत्रापत्री सुरू होईल.

सिडको_स्मॅश

लोगोची जर्सी ३१ मे पर्यंत घालू द्यायला नवं व्यवस्थापन तयार होईल?

अंबड_लेजर

मलाही शंका आहे. नवे मालक आपलं नाव कुठे दिसतं याबद्दल फार कडक असतात. नाही म्हणाले तर जर्सीच्या दुसऱ्या खेपेचे १८,००० पूर्ण त्यांच्या माथी टाका. छापून झालेली जर्सी घालता येणार नसेल तर ते नुकसान त्यांच्या निर्णयामुळे आहे.

गोदाकाठचा_गडी

पण ते १८,००० तर आधीच वजा केलेत ना हिशेबात?

अंबड_लेजर

खरं आहे, दोन्ही थरांत येऊन गेलेत. मग दुसऱ्यांदा नाही मागता येणार. साध्या जर्सीचा खर्च फार तर वेगळा मागून बघता येईल.

पंचवटी_चढाई

आज समितीची बैठक झाली. ठराव झाला, ऑडिटरनाही ७३,००० चा हिशेब पटला. कंपनीच्या अकाउंट्सनं जीएसटीची मागणी सोडली आहे आणि ६,००० नंतर द्यायलाही ते तयार आहेत, मात्र 'परतावा मिळाल्यापासून' ऐवजी ठरावीक तारीख हवी म्हणतात. परतावा कधी येईल ते आमच्या हातात नाही, म्हणून मी "परतावा मिळाल्यापासून १० दिवस, आणि दर तीन महिन्यांनी स्थिती कळवू" असं सुचवलंय. बसवाला २८ डिसेंबरच्या आत रद्द केल्यास ५,००० परत देईन म्हणतो. पण रद्द केलं तर मुली स्पर्धेला जाणार कशा, म्हणून समितीनं बस ठेवली आहे आणि तिचे १०,००० कंपनीकडे आणि ५,००० मंडळाकडे असं लिहून पाठवलंय. तसं झालं तर परतीचा आकडा ७८,००० होईल आणि आत्ता द्यायचे ७२,०००. त्या पाच हजारांसाठी सभासदांकडे वर्गणी मागावी लागेल. कंपनीचं उत्तर आलं नाही. जर्सीबद्दलही नाही.