फीड झाल्यावर शुगर नॉर्मल येते, मग आधीच का टोचता?

मुक्ताची_आई: मला गरोदरपणातली शुगर होती. बाळ 38 आठवड्यांचं, 3 किलो 700 ग्रॅम. पाजून अर्ध्या तासाने टाचेला टोचलं, 34 आलं. परत पाजा, परत टोचा. पुढे प्रत्येक वेळी पाजायच्या आधी टोचायचे, म्हणजे पोट रिकामं असताना! भुकेल्या बाळाची शुगर कमीच येणार ना? पाजल्यावर मोजलं की 58. बाळ ठणठणीत होतं, तरी बारा तास छळलं. आकडा कमी दिसावा म्हणूनच ही वेळ निवडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी: नवजात विभागात एकोणीस वर्षं सिस्टर आहे. शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवलं नाही.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर त्या क्षणी थांबते. सगळ्याच बाळांची शुगर पहिल्या एक-दोन तासांत घसरते, निरोगी बाळाची तिशीपर्यंतसुद्धा, आणि मग त्याचं यकृत साखर सोडायला लागलं की आपोआप चढते. म्हणून निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला आम्ही टोचतच नाही. तुमच्या बाळाचं तसं नव्हतं. तुमची जास्तीची साखर पोटात असताना त्याच्यापर्यंत पोचत होती आणि ती जिरवायला त्याने भरपूर इन्सुलिन बनवायची सवय लावून घेतली होती. नाळ तुटली तरी ते इन्सुलिन काही तास तसंच राहतं. बरं, इन्सुलिन जास्त असलं की चरबी जळून कीटोनही बनत नाहीत. एरवी साखर कमी पडली तर मेंदू त्यावर थोडं भागवतो. या बाळांना तो आधारही नसतो.

आता वेळेचं. पहिलं फीड तासाभरात, त्यानंतर अर्ध्या तासाने पहिली तपासणी. ती फीडनंतर असते, कारण तेव्हा बाळ नैसर्गिक घसरणीच्या तळाशी असतं आणि दुधाने ते सावरतंय का एवढंच बघायचं असतं. पुढच्या सगळ्या तपासण्या फीडच्या आधी, कारण आता प्रश्न बदलतो: दोन-तीन तास दूध मिळालं नाही तर बाळ स्वतःच्या बळावर साखर टिकवतं का? याचं उत्तर पोट भरल्यावर मिळत नाही. तुमचा 58 दुधाचा आहे, बाळाचा नाही.

आमच्याकडे एका बाळाचे सगळे आकडे चुकून फीडनंतर घेतले गेले. 55, 61, 57. कागदावर सुरेख. नवव्या तासाला बाळ ढिलं पडलं, दूध ओढेना. तेव्हा मोजलं तर 24. शिरेतून ग्लुकोज लावावं लागलं. तो चार्ट मी भरला होता.

उंबरठा: सिस्टर, अनुभवाचा मान राखून, पण याच्या खाली शुगर गेली की उपचार करायचे म्हणून तुम्ही धरता ते 40, 45, 47 हे आकडे कुठून आले? 2020 मध्ये नेदरलँड्समधला अभ्यास आला. एका गटात 36 च्या खाली गेल्यावर उपचार, दुसऱ्यात 47 च्या खाली. दीड वर्षाची झाल्यावर दोन्ही गटांतल्या मुलांच्या विकासात फरक दिसला नाही. म्हणजे 34 ला एवढी धावपळ कशाला? मुक्ताची आई बरोबर बोलताहेत.

रात्रपाळी: अभ्यास खरा आहे आणि त्यामुळे उगाच होणारे उपचार कमी झाले, हेही मान्य. पण त्यात मुळात 35 ते 46 मधली, लक्षणं नसलेली बाळं घेतली होती. 34 त्यात बसत नाही. आणि मुक्ताच्या आईंच्या बाळाला 34 वर सलाईन लावलंच नाही, परत पाजलं. पहिल्या चार तासांत 25 ते 40 मध्ये असेल आणि बाळ चांगलं असेल तर तेच करायचं असतं.

उंबरठा: ठीक. 34 चं मागे घेतो. 47 हा पवित्र आकडा नाही, एवढं तरी तुम्ही लिहा.

रात्रपाळी: नाहीच आहे. लिहिलं.

दोन_पिल्लं: पण ही टाचेची तपासणी दोन-तीन दिवसांनी करतात ना? आमच्याकडे कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब भरून पाठवले होते. थायरॉइडसाठी. ती पहिल्या तासात का केली?

रात्रपाळी: ताई, ती वेगळी. टाच तीच, तपासणी दुसरी. ही ग्लुकोमीटरची.

चीकच_हवा: मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. असाच कमी आकडा दाखवून माझ्या मुलीला चौथ्या तासाला वरचं दूध दिलं. मग तिने छातीला तोंडच लावलं नाही. सहा आठवडे रडत पंपिंग केलं. माझं स्तनपान त्या एका स्ट्रिपने खाल्लं!

मुक्ताची_आई: माझ्याकडेही डबा तयारच होता. मी नाही म्हटलं तर "बाळाचं काही झालं तर?" हे ऐकवलं.

उंबरठा: घाबरवणं चूक आहे. पण वरचं दूध म्हणजे विष नाही. आमचा मुलगा त्यावरच सावरला.

चीकच_हवा: विष कोण म्हणालं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. बाळाला उराशी धरू दिलं असतं, चीक पिळून चमच्याने देऊ दिला असता, तर डबा लागलाच नसता. ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

रात्रपाळी: यात तुमच्याशी भांडणार नाही. आधी उराशी घ्यायचं, कारण गार पडलेलं बाळ साखर भराभर जाळतं. मग पाजणं आणि पिळलेला चीक. 40 टक्के डेक्स्ट्रोजची जेल असेल तर गालाच्या आतून चोळायची, वजनाच्या किलोमागे अर्धा मिली, आणि लगेच अंगावर. न्यूझीलंडच्या 2013 च्या अभ्यासात जेलमुळे आईपासून बाळ दूर नेण्याची वेळ कमी आली. पण तरीही आकडा चढत नसेल आणि चीक पुरत नसेल, तर मी वरचं दूध देते आणि देत राहीन. ग्लुकोजचं पाणी मात्र नाही. ते इन्सुलिनला आणखी डिवचतं, आकडा चढतो आणि परत आपटतो.

चीकच_हवा: "पुरत नसेल" हे चौथ्या तासाला कसं ठरवता? चीक चमचाभरच असतो.

रात्रपाळी: आकड्यावरून आणि बाळाकडे बघून. याहून पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

स्ट्रिपवाला: लॅबमध्ये आहे, एकच सांगतो. हे मीटर मोठ्यांच्या शुगरसाठी बनलेत. खालच्या आकड्यांना दहा-वीसचा फरक सहज पडतो. नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं, त्यानेही आकडा खाली दिसतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा गार टाच पिळून पिळून थेंब काढला, तर आणखी चुकतो. 34 आल्यावर लॅबला नमुना पाठवला होता का?

मुक्ताची_आई: नाही.

रात्रपाळी: पाठवायला हवा होता. पाजणं त्यासाठी थांबवायचं नाही, पण पाठवायचा. आणि नळी तासभर टेबलावर राहू द्यायची नाही, पेशी त्यातली साखर खातात.

मुक्ताची_आई: माझे फीडच्या आधीचे आकडे फाइलमध्ये सापडले. 43, 39, 48, 51, 55. मग थांबवलं.

रात्रपाळी: 39 नंतर काय केलं?

मुक्ताची_आई: जेल लावून पाजलं, तासाने 52. बरं, आधी मोजण्याचं कारण पटलं. फक्त पाजल्यावर मोजलं असतं तर तो 39 दिसलाच नसता. पण हे तेव्हा दोन वाक्यांत मला सांगायला कुणाला का जमलं नाही? मी बारा तास हेच समजत होते की माझं दूध कमी पडतंय.

चीकच_हवा: मलाही हेच सांगितलं होतं, की दूध कमी पडतंय. तेव्हा मुलगी चार तासांची होती.