कार्गोचा खिसा आला कुठून

> चोअर कोट, कामाचे बूट आणि कार्गो पँट, हे तिन्ही कामगारांकडूनच फॅशनमध्ये आले ना?

चोअर कोट आणि बुटांबाबत मान्य, पण कार्गो पँट सैन्यातली. 1930 च्या दशकाअखेरीस आलेल्या बॅटलड्रेस या ब्रिटिश लष्करी गणवेशात डाव्या मांडीवर नकाशासाठी एक मोठा खिसा होता. अमेरिकी पॅराट्रूपरांच्या 1942 च्या गणवेशात तो दोन्ही मांड्यांवर आला, तोही कडेला घड्या घातलेला, म्हणजे भरला की फुगणारा. सामान कोंबून विमानातून उडी मारली की हे खिसे हेलकावे खायचे, फाटायचे. म्हणून नॉर्मंडीच्या मोहिमेआधी त्यांना कॅनव्हासची जोड दिली आणि मांडीभोवती आवळायला पट्ट्या लावल्या. पुढे असा उरलेला लष्करी माल सरप्लस दुकानांत स्वस्तात मिळू लागला आणि 1990 च्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी ढगळ कार्गो रस्त्यावर रुळवली.

घेताना खिशाच्या कडेत बोट घालून बघा. घडी उघडली तर खिसा कामाचा. नुसता सपाट तुकडा शिवलेला असेल तर जड फोनचा सगळा ताण वरच्या दोन कोपऱ्यांवर येतो आणि शिवण तिथूनच उसवते. त्या कोपऱ्यांवर आडवे दाट टाके आहेत ना, हेही पाहा. स्वस्त मालात नेमके तेच गाळतात.