पांढरा गाऊन क्रीम करायचाय: रंगवावा की अस्तर बदलावं?

मिरजेची मावशी
भाचीचं लग्न जानेवारीत, मिरजेतल्या चर्चमध्ये. गाऊन थोरल्या बहिणीचा, अगदी पांढराशुभ्र, आणि हिला क्रीम हवाय. आतून सॅटिन, त्यावर नेटचा घेर, वरचा भाग लेसचा; लेसवर मोती, कटदाणा, टिकल्या. लेबल निघून गेलंय, कापड कुठलं ते ठाऊक नाही. कुणी म्हणतं चहात बुडव, कुणी म्हणतं रंगाऱ्याकडे टाक. लेस आणि मणीकाम मात्र उठून दिसायलाच हवं. रंगवावा का?

शोभाताई, वाई
बिनधास्त चहा! आमच्या सासूबाईंच्या हातचे क्रोशाचे टेबलक्लॉथ पांढरे होते, मी चहात टाकून सगळे मोतिया केले. इतका सुंदर रंग आला की पाहुणे विचारतात कुठून आणले. चहा चांगला उकळायचा, दोनदा गाळायचा, कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून मग त्यात सोडायचं आणि सारखं हलवत राहायचं. कोरडं कापड टाकलंत तर डाग पडतात. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी घमेलं नको, त्यात चहा काळपट होतो. रंग हवा त्यापेक्षा थोडा गडद दिसला की काढा, वाळल्यावर उतरतो. उगाच खर्च कशाला?

टाका-दोरा, सांगली
शोभाताई, तुमची कृती बरोबर आहे, पण ते क्रोशाचं काम सुती होतं. सुती, रेशमी, नायलॉन चहा धरतात. पॉलिएस्टर धरत नाही, आणि हल्लीच्या तयार गाऊनचं सॅटिन बहुतेक पॉलिएस्टरच असतं. अर्धा तास चहात ठेवून बाहेर काढाल तर सॅटिन जवळजवळ जसं होतं तसंच, आणि वरचं नेट चांगलं पिवळट. मग तो गाऊन क्रीम दिसत नाही, मळका दिसतो.

मावशी, आधी कापड ओळखा. आतल्या शिवणीतली जास्तीची पट्टी असते ना, तिथून सॅटिन, नेट आणि लेस यांचे चार-चार धागे काढा. चिमट्यात धरून, सिंकवर, ज्योतीला लावा. वितळून काळा धूर आणि कडक काळी गोळी झाली तर पॉलिएस्टर. वितळलं पण धूर फार नाही, तर नायलॉन असण्याचा संभव. कागदासारखं जळून भुरभुरीत राख राहिली तर सुती किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, मग वेगळंच बोलू. एकच धागा जाळून थांबू नका, तिन्ही थरांचे जाळा.

रंगारी, इचलकरंजी
पॉलिएस्टर रंगत नाही असं कोण म्हणतं? आमचं रोजचं काम आहे ते. डिस्पर्स डाय लागतो आणि उष्णता लागते. आमच्याकडे प्रेशरच्या मशीनमध्ये 130 अंशांवर करतात. क्रीमसारखी फिकी शेड असेल तर घरी मोठ्या पातेल्यात, उकळीच्या जवळ ठेवूनही जमते, कारण रंग अगदी चिमूटभर लागतो. पिवळा मुख्य आणि लालसर तपकिरीचा किंचित स्पर्श. नुसता पिवळा टाकलात तर लिंबू दिसेल.

टाका-दोरा, सांगली
साहेब, तुम्ही ठाण रंगवता, मी शिवलेला कपडा हाताळते. उकळीजवळच्या पाण्यात तासभर हा गाऊन गेला तर मोत्यांचं काय? हे मोती प्लास्टिकचे, वर चमकीचा थर. गरम पाण्यात तो थर साल सुटल्यासारखा निघतो आणि आतला निस्तेज दाणा उरतो. टिकल्या कडेने वळतात. खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर पातेल्याच्या तळाशी सापडतील. काचेचा कटदाणा तेवढा टिकेल. शिवाय पॉलिएस्टरला उष्णतेत पडलेली चुणी मग इस्त्रीनेही हटत नाही. एवढा मोठा घेर पातेल्यात चुरगळल्याशिवाय बसतो का?

रंगारी, इचलकरंजी
मणीकाम असलेला गाऊन मी स्वतःसुद्धा घेणार नाही, हे कबूल. मणी मशीनला ओरखडे पाडतात, आणि फिकी शेड सगळ्यात अवघड. गडद रंगात थोडं मागेपुढे झालं तर खपून जातं, क्रीममध्ये ढग लगेच दिसतात. पण नुसतं सॅटिन सुटं मिळालं तर का नाही? सॅटिन उसवून वेगळं द्या, मण्यांचा प्रश्नच उरत नाही.

फोटोवाला सातारकर
एवढं डोकं का खपवताय? फोटो कच्च्या फाइलमध्ये द्या. फोटोशॉपमध्ये `Selective Color` उघडून `Whites` निवडायचं, `Yellow` थोडा वाढवायचा, मास्क फक्त गाऊनवर. लेसचे बारकावे टिकवायचे तर आधी `Highlights` खाली आणा. गाऊन फोटोत जळालेला असेल, म्हणजे तिथे निव्वळ पांढरं उरलं असेल, तर कितीही रंग चढवा, लेस परत येत नाही, सपाट क्रीम पट्टा दिसतो.

मिरजेची मावशी
अहो दादा, फोटो नाही, गाऊनच रंगवायचाय! पाहुण्यांसमोर काय `Yellow` वाढवू?

फोटोवाला सातारकर
मग एवढं तरी करा. गाऊनचा फोटो काढून त्यावर दोन-तीन शेड बघून घ्या. मुलीला नक्की कोणता क्रीम हवाय ते ठरेल, नाहीतर रंगवून झाल्यावर ‘हा नव्हता’ ऐकावं लागेल.

जुन्या वळणाचा
चर्चमध्ये नवरी पांढऱ्यात जाते ही रीत आहे. ती मोडायची कशाला?

टाका-दोरा, सांगली
पांढऱ्या गाऊनची फॅशन रुजवण्याचं श्रेय 1840 मध्ये लग्न झालेल्या राणी व्हिक्टोरियाला देतात. तिचा गाऊन स्पिटलफील्ड्सच्या रेशमी सॅटिनचा, लेस हॉनिटनची. रेशमाचा पांढरा रंग आजच्या निळसर पांढऱ्यासारखा नसतोच, तो क्रीमकडेच झुकतो. हल्लीच्या कापडाला उजळपणासाठी चमकीचं रसायन लावतात, म्हणून ते निळसर झळकतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदाराकडे असतो ना, तो अंधारात गाऊनवर धरा. सॅटिन निळं पेटल्यासारखं दिसलं तर समजा, ते रसायन लावलेलं आहे.

मिरजेची मावशी
धागे जाळून पाहिले. सॅटिन काळा धूर आणि कडक गोळी. नेट वितळलं, धूर थोडासाच. लेसवरच्या जाड दोऱ्याची राख झाली, पण लेसची जाळी वितळली. मग लेसच्या आतल्या कडेची एक चिंधी चहात बुडवली: जाळी पिवळट, दोरा त्याहून गडद, आणि तिच्यावर शिवलेला टाका पांढराच राहिला. नेटही धरतंय. सॅटिन तस्सं. जांभळ्या दिव्याखाली सॅटिन पेटलं.

टाका-दोरा, सांगली
मग उत्तर तुमच्यासमोरच आहे. एका पातेल्यात हा गाऊन एकसारखा कधीच होणार नाही, कारण तिथे चार वेगळे धागे आहेत आणि प्रत्येकजण रंग आपापल्या परीने धरतो. टाका पांढरा राहिला तो पॉलिएस्टरचा दोरा. सगळ्या शिवणी रेघांसारख्या दिसल्या असत्या.

माझं मत: रंगवू नका, सॅटिन बदला. नेट आणि लेस झिरझिरीत आहेत, त्यांच्या रंगापेक्षा त्यांच्या मागचा रंग डोळ्यांना जास्त दिसतो. मागे क्रीम आलं की पूर्ण गाऊन क्रीम वाटतो, आणि लेस पांढरी राहिल्यामुळे उलट अधिक उठते. सगळं एकाच क्रीममध्ये रंगवलं असतं तर लेसचं काम पार्श्वभूमीत बुडालं असतं. तुम्हाला तर तेच टाळायचंय.

घेर सोपा आहे. कमरेची शिवण उसवा, जुनं सॅटिन काढा, त्याचेच तुकडे ठेवून नवं कापा. घेर बघून चार-पाच मीटर लागेल. शेड मात्र दुकानातच ठरवायची: सांगलीच्या गणपती पेठेत जाताना गाऊन बरोबर न्या आणि नेटचे दोन पदर नव्या कापडावर पसरून दरवाजात, दिवसाच्या उजेडात बघा. पांढऱ्या नेटखाली रंग फिका दिसतो, म्हणून मनातल्या शेडपेक्षा एक पायरी गडद, बिस्किटाकडे झुकणारं सॅटिन घ्या. ट्यूबलाइटखाली कधीच निवडू नका.

वरचा भाग अवघड. लेस चिमटीत धरून हलवा. खालच्या सॅटिनपासून सुटी सरकली तर ती नेटवर शिवलेली आहे. मग गळा, बाही आणि कमर यांच्या कडा उसवून मधे पातळ क्रीम कापडाचा थर सरकवता येतो. सरकली नाही, मण्यांचे टाके थेट सॅटिनमधून आरपार गेले असतील, तर हात लावू नका. एक टाका सुटला की मण्यांची ओळच निसटते.

रंगारी, इचलकरंजी
आरपार असेल तर वरचा भाग पांढरा आणि खाली क्रीम, असं दोन रंगांचं ठिगळ दिसणार. त्यापेक्षा लेसवर चहा ब्रशने लावा, गार करून. मणी बुडतच नाहीत, उष्णतेचा प्रश्न नाही. सॅटिन रंग धरणार नाही, पण लेस धरेल.

टाका-दोरा, सांगली
लेस धरेल, पण कडेने ओघळ येऊन पाण्याची रेघ उमटू शकते. ब्रश करायचाच तर आधी आतल्या चिंधीवर. आणि चहा फार फिका, दोन हात देऊ शकता, एकदा गडद झाला तर मागे जात नाही. माझ्याकडे आणलात तर मी नाही म्हणेन. तुमच्या हातावर भरवसा असेल तर करा.

शोभाताई, वाई
म्हणजे चहा चालतो तर!

मिरजेची मावशी
लेस हलवून पाहिली. पोटाजवळ सरकते, छातीपाशी नाही. छातीपाशीच मोती जास्त. आणि एक नवी पंचाईत: क्रीम कापडाचा नमुना लावून पाहिला तर मोती निळसर दिसताहेत.

टाका-दोरा, सांगली
शेजारी क्रीम आलं की पांढरे मोती निळे वाटणारच. सगळे बदलू नका, काम संपणार नाही. छातीच्या मधल्या ओळीतले मोठे तेवढे क्रीम मोत्यांनी बदला, कडेचे राहू दे. पोटाजवळ थर सरकवा, छातीपाशी सॅटिन तसंच ठेवा. तिथे लेस दाट आहे, मागचं फारसं दिसत नाही. नवं सॅटिन शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या, आटलं तर आत्ताच आटेल.

रंगारी, इचलकरंजी
छातीपाशी ब्रशचा एक हात तरी द्या, माझं ऐका.

मिरजेची मावशी
भाचीला दोन्ही सांगते. आतली चिंधी आधी ब्रशने रंगवून वाळवते, ओघळ दिसला तर ब्रश नाही. शनिवारी सॅटिन बघायला सांगलीत येतेय, गाऊन घेऊनच.