दिंडीप्रमुखांचा निरोप आणि दिवेघाटाची एकादशी: तुमचे अनुभव लिहा

आई 71 वर्षांची, शुगरची गोळी चालू आहे. यंदा पहिल्यांदाच आळंदीहून पायी निघतेय. दिंडीतल्या जेवणखर्चाची भिशी भरल्यावर दिंडीप्रमुखांनी घरच्यांसाठी हा निरोप पाठवला:

"राम कृष्ण हरी. वळकटी आणि मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते. ट्रक पहाटे पाचला सुटतो, तो थेट संध्याकाळी मुक्कामी भेटतो. मागच्या वर्षी एका आजींच्या गोळ्या ट्रकमध्ये आणि आजी रस्त्यावर, असे झाले. म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या, चष्मा, पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद आणि साखरेची पुडी खांद्यावरच्या पिशवीत हवी. पिशवीत चिठ्ठी ठेवा: नाव, दिंडी क्रमांक, रथापुढे की रथामागे, गोळ्यांची नावे, घरचा फोन. उठणे तीनला, कारण चारनंतर टँकरपाशी रांग लागते. नवी चप्पल नको. पुणे ते सासवड ही सर्वांत लांब चाल, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्याच दिवशी एकादशी असते. शुगरवाल्यांनी उपवासाचे डॉक्टरांना आधी विचारून यावे. पंगतीत रुसवे-फुगवे नकोत. विणेकऱ्याच्या पुढे चालू नये."

आई म्हणते, एकादशी मोडणार नाही. कोणाच्या घरी असं झालंय?

धाकटी सून: आमच्या सासऱ्यांचं झालंय. गोळी ग्लिमेपिराइडची. पहाटे चहाबरोबर नेहमीसारखी घेतली, फराळ म्हणून दोन केळी, आणि हडपसर ओलांडून चालत राहिले. घाटाच्या पायथ्याशी अभंग चुकायला लागले. शेजारच्या टाळकऱ्याला वाटलं, म्हातारा तल्लीन झालाय. मग सदरा घामानं चिंब, हात गार. शुगर निघाली 54. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतच राहते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्या दिवसाचा डोस बदलून लिहून दिला, तो कागद पिशवीतल्या चिठ्ठीला टाचला.

फलटणचा भाऊ: उगाच घाबरवू नका. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली की काही होत नाही. आणि चक्कर आलीच तर पेढा द्यायचा.

सासवडकर: मी औषधाच्या दुकानात बसतो, पालखीच्या दिवशी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. भाऊ, खिचडीनं साखर झपकन वर जाते, पण ती दिवसभराच्या चालीला पुरत नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायला हवं. पेढ्यात खवा असतो, त्यानं साखर हळू चढते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा द्या. माणूस गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णवाहिकेकडे न्या. आणि नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो, त्यामुळे आईंची गोळी कोणती ते आधी बघा. इन्सुलिन असेल तर तेही ट्रकमध्ये नको. ताडपत्रीखाली दुपारी भट्टी असते.

विदर्भकन्या: आम्ही काकूला काशीला बसनं पाठवलं होतं, त्यांच्या यादीत कानटोपी होती. पावसाळ्यात पंढरपूरला कानटोपी लागते का?

धाकटी सून: नाही हो ताई. टॉवेल दोन द्या, एक वाळतच नाही.

तीन वाऱ्या: शुगरचं सगळे बोलतात, बायकांच्या पाण्याचं कोणी बोलत नाही. माझी आई आडोसा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हती, वर बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध. चालीच्या तिसऱ्या दिवशी, जेजुरीच्या वाटेवर, पायात गोळे येऊन बसली. आता आम्ही दोघीतिघी मिळून जातो, एक लुगडं धरते. दिंडीप्रमुख पुरुष, त्यांच्या निरोपात हे कधी येत नाही. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून संध्याकाळवर नेता येते का, बघा.

फलटणचा भाऊ: पेढ्याचं माहीत नव्हतं. पण मग घाट गाडीनंच का नाही नेत?

तीन वाऱ्या: आईला विचारून बघा एकदा! माझी तर दोन दिवस बोलली नव्हती. चिठ्ठीचं मात्र ऐका. लोणंदच्या मुक्कामी आमची एक मावशी चुकली. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला, सगळे टाळ थांबले, हरवल्या-सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मावशी समोर उभी. तिला दिंडी क्रमांक आठवत नव्हता, चिठ्ठीवर होता.

धागा काढणारी: आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. आईची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेलीच निघाली. एकादशीला फक्त मेटफॉर्मिन, असं लिहून दिलंय. राजगिऱ्याचे लाडू बांधून देतेय, दर विसाव्याला एक. गाडीचं विचारलं तर म्हणाली, हडपसरपर्यंत चालते, मग बघू.